गौरी-गणपतीच्या दहा दिवसांत धावण्याची तयारी कशी टिकवावी

प्रश्न : मी ठाण्यात राहते, वय ३९. आठवड्यातून पाच दिवस धावते, एकूण साधारण ४० किलोमीटर होतात. मागची हाफ मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत झाली. गणपतीला आम्ही कणकवलीजवळच्या गावी जातो, जाऊन-येऊन दहा दिवस. घरात माणसे खूप, सून म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडेच, वरून पाऊस. परतल्यावर चार आठवड्यांनी पुढची हाफ आहे. रोज धावणे शक्यच नाही. कमीत कमी काय केले तर तयारी टिकेल?

उत्तर :

दहा दिवसांत दोन वेळा घराबाहेर पडा, प्रत्येक वेळी ३५ ते ४० मिनिटांसाठी, आणि दोन्ही वेळा त्यातला काही भाग जोराने धावा. शक्य झाल्यास परतीच्या आदल्या दिवशी तिसरी, याहूनही छोटी खेप करावी. नाही झाली तरी बिघडणार नाही. बाकीचे दिवस धावण्याच्या दृष्टीने पूर्ण सुट्टीचे समजावेत. एवढ्याने काम भागते हे अनेकांना पटत नाही, कारण वेळ कमी असला की बहुतेक जण नेमके उलटे करतात. ते जोराचे धावणे वगळतात आणि रोज वीस-वीस मिनिटे सावकाश पळून ‘नेम मोडला नाही’ याचे समाधान मिळवतात. तुमच्या परिस्थितीत हाच सर्वांत कमी उपयोगाचा पर्याय आहे.

याला जुना आणि बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. शिकागोतील इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही प्रयोग केले. त्यांनी तरुण माणसांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटे सायकल आणि धावणे असा कडक सराव करून घेतला आणि पुढचे पंधरा आठवडे त्यातली एकेक गोष्ट कमी करून पाहिली. दिवस सहावरून दोनवर आणले, तरी प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकली. दिवस तेवढेच ठेवून वेळ ४० मिनिटांवरून १३ मिनिटांवर आणली, तरीही ती टिकली. पण दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून फक्त जोर एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशांनी कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. म्हणजे दिवसांत आणि मिनिटांत भरपूर काटछाट चालते, पण जोरात काटछाट केली की तयारी जाते.

याच प्रयोगांमध्ये एक मर्यादाही दिसली आणि हाफ मॅरेथॉनवाल्यांनी ती लक्षात ठेवली पाहिजे. रोज केवळ १३ मिनिटे सराव करणाऱ्यांची कमाल क्षमता टिकली असली, तरी एका ठरावीक जोराने दम संपेपर्यंत टिकून राहण्याची त्यांची ताकद कमी झाली. छोटी खेप हृदयाला जागे ठेवते, पण दोन तास पायांवर राहण्याची सवय ती टिकवत नाही. दहा दिवसांच्या सुट्टीत हा फरक जाणवण्याइतका मोठा होत नाही; तीन आठवड्यांच्या सुट्टीत होतो. म्हणून मी तुम्हाला गावी लाँग रन करायला सांगत नाही. हाच मुक्काम पंधरा दिवसांच्या पुढे जाणार असता, तर मधल्या एका दिवशी ६० ते ७० मिनिटांचे सावकाश धावणे सक्तीने घालायला सांगितले असते.

गावी पोहोचण्याआधीच एक चूक होते, ती म्हणजे निघण्याच्या आदल्या रविवारी ‘पुढे जमणार नाही’ म्हणून नेहमीच्या १६ किलोमीटरऐवजी २० किंवा २२ किलोमीटर धावणे. थकलेले पाय घेऊन गणपतीच्या गर्दीत मुंबई-गोवा महामार्गावर दहा-बारा तास गाडीत बसले, की पोटऱ्या आखडतात आणि गावातले पहिले तीन दिवस त्या सोडवण्यात जातात. आदल्या रविवारी नेहमीएवढेच धावा. प्रवासात दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटे चाला. पोहोचल्यावर त्याच दिवशी जोराचे काही करू नका.

आता वेळापत्रक. चतुर्थीच्या दोन दिवस आधी तुम्ही निघता, असे मी धरून चालतो. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी हरितालिका. तुमचा उपास असेल, त्यातही निर्जळी असेल, तर त्या दिवशी चालण्यापलीकडे काहीही करू नये. प्रवासात तसेही पाणी कमी प्यायले जाते आणि कोकणातल्या दमट हवेत घामाचा अंदाज येत नाही. तिसऱ्या दिवशी चतुर्थी, तेव्हा प्राणप्रतिष्ठा, मोदक, नैवेद्य आणि पंगती यांतून वेळ काढण्याचा प्रयत्नही करू नका. चौथा दिवस ऋषिपंचमीचा आणि पहिली खेप मी याच दिवशी ठेवतो. त्यामागे साधे कारण आहे. बऱ्याच घरांत त्या दिवशी ऋषीची भाजी असते, जेवण हलके असते आणि आदल्या दिवशीची धावपळ ओसरलेली असते. आदल्या दिवशीच्या तुपातल्या मोदकांच्या तुलनेत ती भाजी पोटात असताना चढ चढणे किती सोपे जाते, हे तुम्हालाच कळेल.

वेळ संध्याकाळची घ्यावी. नैवेद्य दाखवून पंगती उठेपर्यंत दोन-अडीच वाजतात. त्यानंतर तीन तास जाऊ द्यावेत. चहाची भांडी आवरल्यापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत, म्हणजे सव्वापाच ते सहा या वेळात, घरातल्या माणसांना तुमची अनुपस्थिती सर्वांत कमी जाणवते. भाद्रपदात साडेसहाच्या आसपास सूर्यास्त होतो, त्यामुळे उजेडात परत येता येते. पहाट मात्र टाळावी, आणि ती केवळ भजने रात्री उशिरापर्यंत चालतात म्हणून नव्हे. पावसाळ्यात गवत वाढलेले असते, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कातळावर फुरसे सर्रास आढळते आणि अंधारात ते दिसत नाही. त्याच कारणाने सड्यावरच्या पायवाटा आणि पाखाड्या टाळून डांबरी रस्त्यावरच धावावे. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर या दिवसांत शेवाळ असते. त्यांवरून देवळात जाताना गावातली माणसेही जपून पाय टाकतात.

ही पहिली खेप चढावरची आहे. गावात सपाट रस्ता शोधावा लागतो, चढ मात्र घरासमोरच असतो, म्हणून जे आहे ते वापरावे. चढ असा निवडा, की त्यावर तुम्ही जोराने पळत राहू शकाल, चालावे लागणार नाही. घाटातल्या वळणासारखा उभा चढ नको. आधी १२ मिनिटे अगदी सावकाश धावा. मग चढाच्या पायथ्यापासून ७५ सेकंद वर धावा, इतक्या जोराने की बोलायला गेलात तर दोन-तीन शब्दांच्या पुढे वाक्य जाऊ नये. वेळ संपेल तिथे खूण धरा, विजेचा खांब किंवा फणसाचे झाड काहीही चालेल. चालत खाली या, साधारण दोन-अडीच मिनिटे लागतील, आणि पुन्हा वर जा. असे सहा वेळा करा. शेवटी पाच मिनिटे सावकाश धावत घरी परत या. सगळे मिळून ४० मिनिटांच्या आत होते.

प्रमाण बरोबर साधले की नाही, हे ती खूणच सांगते. सहाव्या वेळी तुम्ही पहिल्या खुणेपर्यंत किंवा थोडे पुढे पोहोचलात, तर जोर योग्य होता. पहिल्या वेळी सर्वांत पुढे गेलात आणि नंतर प्रत्येक वेळी दहा-दहा पावले मागे राहिलात, तर सुरुवात उतावीळपणे झाली. पुढच्या खेपेला पहिले दोन चढ मुद्दाम आवरून धावा. घड्याळातला पेस इथे पाहूच नये, कारण चढावर तो निरर्थक असतो. तसेच काही घड्याळे व्हीओटू मॅक्सचा आकडा दाखवतात, तो गावी असताना हमखास खाली येतो. घड्याळ तो आकडा वेग आणि नाडीचे ठोके यांच्या गणितावरून काढते. चढ, दमट हवा आणि अपुरी झोप यांमुळे ते गणित चुकते. त्या आकड्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका.

खाली येताना चालायला मी सांगितले, त्यात सवलत घेऊ नका. ठाण्यात सपाटीवर धावणाऱ्या माणसाला गावी खरा धोका उतारापासून असतो. उतारावर धावताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो आणि सवय नसेल तर त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुखणे लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. म्हणजे पंचमीला उतारावर हौसेने धावलात, तर गौरीच्या दिवशी जमिनीवर बसून पानांवर वाढताना उठता येणार नाही, आणि दुसरी खेप हातची जाईल. माझ्याकडे सराव करणारी जी माणसे गणपतीहून परत येऊन ‘तयारी गेली’ असे म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची तयारी जागेवर असते. त्यांनी उतारावर मांड्या दुखवून घेतलेल्या असतात आणि ते जड पायांनाच दम कमी झाल्याचे लक्षण समजत असतात. फरक ओळखायचा असेल तर जिना उतरून पाहा. चढताना धाप न लागता उतरताना मांड्या ओरडत असतील, तर प्रश्न स्नायूंचा आहे, दमाचा नाही, आणि चार दिवसांत तो आपोआप सुटतो.

दुसरी खेप गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी ठेवा, पूर्ण उजाडल्यावर. गौरी कधी येतात हे नक्षत्रावर ठरते, पण साधारण गणपतीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी आवाहन असते, त्यामुळे दोन खेपांत पुरेसे अंतर पडते. गौरीपूजनाचा दिवस स्वयंपाकघराचा असतो. त्या दिवशी धावण्याचे नावही काढू नका. या दुसऱ्या खेपेत टेम्पो करायचा आहे : दहा मिनिटे सावकाश, मग २० मिनिटे न थांबता, जड पण आवाक्यातल्या जोराने, आणि पुन्हा पाच मिनिटे सावकाश. तुमच्या २ तास १२ मिनिटांच्या हिशेबाने ठाण्याच्या सपाट रस्त्यावर हा वेग किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास येईल. गावी मात्र वेग न पाहता श्वास पाहा. एक छोटे वाक्य पूर्ण बोलता यावे, पण दुसरे सुरू करण्याआधी श्वास घ्यावा लागावा. शेतांच्या किंवा नदीच्या कडेने आठशे-नऊशे मीटरचा बऱ्यापैकी सपाट तुकडा मिळाला, तरी त्यावरच जा-ये करत राहा. त्याचा कंटाळा येतो हे खरे, पण सपाट रस्त्याच्या लोभाने महामार्गावर जाऊ नका. या दिवसांत तिथली वाहतूक थकलेल्या चालकांची असते आणि पावसात रस्त्याच्या कडेला पाय ठेवायलाही जागा नसते.

पाऊस लागला तर काय, असे तुम्ही विचाराल. सरीवर सरी असतील तर धावता येते. टोपीचा पुढचा भाग डोळ्यांवर घ्या आणि बुटांत घरी आल्याबरोबर वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, नाहीतर त्या हवेत बूट दोन दिवस वाळत नाहीत. विजा असतील तर बाहेर पडू नका. मुसळधार पावसात टेम्पो शक्य नसेल, तर छपराखालच्या ओटीच्या पायरीवर बारा ते पंधरा मिनिटे एक मिनिट जोराने चढउतार आणि एक मिनिट विश्रांती असे करा. ते धावण्याइतके चांगले नाही, परंतु हृदयाला हवा तो ताण मिळतो. पायरी कोरडी आणि पक्की असावी, जांभ्याची ओली नको.

तिसरी खेप विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी येते. तेव्हा घर शांत झालेले असते. तोच चढ, पण चारच वेळा. आदल्या दोन रात्री मिळून दहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल, तर ही खेप सोडून द्या किंवा अर्धा तास सावकाश धावून या. भजनाच्या रात्री जागून सकाळी जोराने धावण्यात शौर्य नाही. अशा वेळी सर्दी-खोकला पकडतो आणि दहा दिवसांत जे राखले ते पुढच्या दहा दिवसांत जाते.

यापलीकडे एकच गोष्ट सुचवतो. चढावरच्या धावण्याने पोटरी आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर नेहमीपेक्षा जास्त भार येतो, आणि स्वयंपाकघरात अनवाणी उभे राहण्याचाही भार तिथेच पडतो. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली करण्याचे १२ ते १५ आवर्तने, प्रत्येक पायाने दोनदा करा. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे टोचल्यासारखे दुखत असेल आणि चालल्यावरही दहा मिनिटांत कमी होत नसेल, तर चढाची पुढची खेप रद्द करा आणि त्या जागी सपाटीवर टेम्पो करा.

जेवणाबद्दल प्रश्नात काही नाही, पण परतल्यावर वजनकाट्यावर उभे राहाल म्हणून सांगतो. किलो-दीड किलो वाढलेले दिसेल. त्यातला मोठा भाग चरबीचा नसतो. धावणे कमी आणि भात, मोदक, घावणे जास्त असल्यामुळे स्नायूंमध्ये पिष्टमय पदार्थांचा साठा पूर्ण भरतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरले जाते. नेहमीचे धावणे सुरू झाले की ते आठवडाभरात उतरते. घाबरून जेवण कमी केलेत, तर नेमके सराव पुन्हा उभा करायच्या आठवड्यात पाय रिकामे पडतील.

परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात सावकाश धावतानाही नाडीचे ठोके जास्त लागतील. समजा, किलोमीटरला सव्वासात मिनिटांच्या वेगाला एरवी १४५ ठोके पडत असतील, तर ते १५२-१५३ दिसतील. सराव घटला की सर्वांत आधी रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, प्रत्येक ठोक्यासरशी हृदय थोडे कमी रक्त पुढे ढकलते आणि ती तूट जास्त ठोक्यांनी भरून काढली जाते. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये सराव पूर्ण थांबवलेल्या कसलेल्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात पहिल्या तीन आठवड्यांत कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली होती आणि ती घट मुख्यतः याच कारणाने होती. तुम्ही सराव पूर्ण थांबवत नाही आणि मुदतही त्याच्या निम्मी आहे, तेव्हा तुमची घट त्याहून बरीच कमी असेल. द्रवाची ही तूट नियमित सराव सुरू झाला की लवकर भरते, म्हणून पहिला आठवडा वेग न पाहता नाडीच्या मर्यादेत धावा. आठवड्यानंतरही ठोके जास्तच असतील, सकाळी उठल्या-उठल्याची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल आणि घसा खवखवत असेल, तर ते सुट्टीमुळे नाही, आजारपणामुळे आहे. तेव्हा विश्रांती घ्या.

उरलेल्या चार आठवड्यांत बुडालेले किलोमीटर भरून काढू नका. परतल्यावर पहिले तीन दिवस सावकाश सहा ते आठ किलोमीटर, त्या रविवारी १३ किलोमीटर. दुसऱ्या आठवड्यात नेहमीचे ४० किलोमीटर, जोराच्या दोन खेपा आणि रविवारी १७ किलोमीटर. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी १२ किलोमीटर, त्यातले मधले सहा शर्यतीच्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या आसपास. त्या सहा किलोमीटरच्या शेवटी तुम्हाला आणखी दोन किलोमीटर त्याच वेगाने सहज जाता येईल असे वाटले, तर २ तास १२ मिनिटांचे लक्ष्य ठेवून शर्यतीला उभे राहा. तसे वाटले नाही, तर पहिले आठ किलोमीटर किलोमीटरला दहा सेकंद हळू जा आणि मग ठरवा. चौथा आठवडा शर्यतीचा, तेव्हा नेहमीच्या निम्मेच धावा.

हे सगळे तुमच्यासारख्या, आधीच नियमित सराव असलेल्या माणसासाठी आहे. धावायला लागून दोन-तीन महिनेच झालेल्यांची नवी कमावलेली क्षमता जास्त लवकर जाते, त्यांनी दोनऐवजी तीन खेपा धराव्यात आणि चढाऐवजी सपाटीवरच जोर लावावा. ज्यांची दुखापत नुकतीच बरी होत आहे, त्यांनी यातले चढाचे काहीही करू नये.